प्रकल्प नोंदी: लोहार चाळीतली वायर, फिफो आणि भारित सरासरी

३ एप्रिल

एम.कॉम.च्या प्रोजेक्टचा विषय फायनल झाला. स्टॉक व्हॅल्युएशन, म्हणजे शिल्लक मालाची किंमत धरणं. त्यात फिफो, म्हणजे आधी आलेल्या मालाचा खर्च आधी उतरवणं, विरुद्ध भारित सरासरी, म्हणजे सगळ्या मालाला नगांच्या प्रमाणात काढलेला एकच रेट लावणं, आणि भाव चढत असताना नफ्यावर काय होतं. मॅडम म्हणाल्या पुस्तकातलं उदाहरण आकडे बदलून आणलंस तर लगेच ओळखेन, खरा माल घे. खरा माल म्हणजे मामांचं दुकान, लोहार चाळीत, इलेक्ट्रिकचं सामान. आज कॉलेजवरून थेट मस्जिदला उतरले आणि चालत गेले.

दुकानात हजारेक आयटम आहेत, स्विच, एमसीबी, पाइप, पंखे, सगळं घेतलं तर जून उजाडेल. मामांना म्हटलं असा एक आयटम सांगा ज्याचा भाव जानेवारीपासून सारखा वरच गेलाय, तर ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "दीड स्क्वेअर एमएमची वायर घे, नव्वद मीटरची कॉइल. तांबं वाढलं की कंपनी रेट वाढवते, या तीन महिन्यांत दर बिलाला रेट वेगळाय." हेच पाहिजे होतं. एक साइज, एक रंग, एकाच कंपनीचा माल, त्यामुळे एक कॉइल आणि दुसरी कॉइल यात गिऱ्हाइकाला काहीच फरक नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण फिफो किंवा सरासरी वापरायची ती अशा एकमेकांच्या जागी चालणाऱ्या मालालाच. ज्याचा प्रत्येक नग वेगळा ओळखता येतो, म्हणजे एखाद्या बिल्डिंगसाठी ऑर्डर देऊन बनवलेला पॅनल, त्याला त्याचा स्वतःचा खर्चच लावायचा.

५ एप्रिल

आज बिलं काढून बसले. किरकोळीचा माल आणि त्याची बिलं मी पूर्ण बाजूला ठेवली, फक्त एका कॉन्ट्रॅक्टरसाठी आलेला आणि त्याला गेलेला माल घेतला, नाहीतर रोजच्या दोन दोन कॉइल लिहिताना मुद्दाच हरवतो. ३१ डिसेंबरला १०० कॉइल शिल्लक होत्या, सगळ्या एकाच लॉटच्या, प्रत्येकी १,५०० रुपये. दिवाळीत जुना माल पूर्ण संपला होता आणि त्यानंतरचा हा एकच लॉट, म्हणून सुरुवातीला फिफो लावा नाहीतर सरासरी, दोन्हीकडे १,५०,००० च येतात. हे नशीब समजा, नाहीतर ओपनिंगच दोन वेगवेगळी धरावी लागली असती.

मग खरेदी. १० जानेवारीला २०० कॉइल १,६५० ने, ८ फेब्रुवारीला १८० कॉइल १,७५० ने, ५ मार्चला २०० कॉइल १,८४० ने. विक्री २५ जानेवारीला १८० कॉइल १,८५० ने, २० फेब्रुवारीला २०० कॉइल १,९५० ने आणि २२ मार्चला १८० कॉइल २,०५० ने. आल्या ६८०, गेल्या ५६०, राहिल्या १२०. मामांनी गोडाऊनवर फोन करून मोजून घेतल्या, १२० च निघाल्या. नग जुळल्याशिवाय रुपयाला हात लावायचा नाही हे मी पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

हे १,८४० वगैरे रेट बिलावर तसे छापलेले नाहीत, ते काढावे लागले. ५ मार्चच्या बिलावर रेट १,८६० आहे, त्यातून २ टक्के ट्रेड डिस्काउंट गेलं की १,८२२.८०, गुणिले २०० म्हणजे ३,६४,५६०. त्यात टेम्पोचे २,४०० आणि हमालीचे १,०४०, कारण माल दुकानात येऊन पडेपर्यंतचा खर्च हा मालाचाच खर्च. बेरीज ३,६८,०००, भागिले २००, कॉइलला १,८४०.

पहिल्यांदा मी बिलाची खालची टोटलच उचलली होती, जीएसटी धरून. १८ टक्क्यांचे ६५,६२०.८० त्यात मिसळले आणि कॉइल २,१६८.१० ला पडली. पकडलं कसं, तर विक्रीचा रेट २,०५० आहे आणि खरेदी त्याच्या वर दिसतेय, म्हणजे मामा तोट्यात विकतायत असं होतं. विक्रीचा रेट जीएसटी सोडून धरला होता आणि खरेदीचा जीएसटीसकट. दुकान इनपुट क्रेडिट घेतं, तो पैसा परत मिळतो, म्हणून तो मालाच्या खर्चात धरायचा नाही. सगळी बिलं पुन्हा तपासली, बाकीची बरोबर होती.

८ एप्रिल

फिफो करायच्या आधी गोडाऊन बघायला गेले, आणि बरं झालं गेले. गाळा चिंचोळा आहे, आत जुना माल आणि दारापाशी नवा. गोडाऊन बघणारे काका ऑर्डर आली की हाताशी असलेली कॉइल उचलतात, म्हणजे कालची आलेली आज जाते, आणि आतल्या कोपऱ्यात एक थप्पी अशी आहे की खोक्यावरची धूळ बोटाने पुसल्यावर स्टिकर दिसलं, त्यावर १,५०० वाल्या लॉटचा नंबर. म्हणजे माल प्रत्यक्षात उलटाच फिरतोय.

मी गडबडले, म्हटलं मग फिफो चालणार कसं. मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं की फिफो हे खर्च कोणत्या क्रमाने उतरवायचा त्याचं गृहीतक आहे, खोकं कोणतं उचललं त्याचा हिशेब नाही. काका कोणतीही कॉइल देऊ देत, वहीत सगळ्यात आधी आलेला रेट आधी जातो. फक्त त्या धुळीच्या थप्पीला काही झालं असेल, उंदराने कुरतडली किंवा ओल लागली, तर तो वेगळा विषय, मग ती थप्पी खर्चाला नाही तर जेवढ्याला विकली जाईल तेवढ्याला धरायची. काकांनी दोन खोकी उघडून दाखवली, माल चांगला होता.

फिफो आज बसूनच केलं. मी वहीत प्रत्येक लॉटसाठी एक ओळ ठेवली आणि विक्री आली की वरच्या ओळीतून खोडत गेले. २५ जानेवारीच्या १८० मध्ये १,५०० वाल्या १०० आणि १,६५० वाल्या ८०, म्हणजे १,५०,००० अधिक १,३२,०००, एकूण २,८२,०००. १,६५० वाल्या १२० उरल्या. २० फेब्रुवारीच्या २०० मध्ये त्या १२० गेल्या, १,९८,०००, आणि १,७५० वाल्या ८० गेल्या, १,४०,०००, एकूण ३,३८,०००. मार्चच्या १८० मध्ये १,७५० च्या उरलेल्या १००, १,७५,०००, आणि १,८४० च्या ८०, १,४७,२००, एकूण ३,२२,२००.

विकलेल्या मालाचा खर्च ९,४२,२०० आणि शिल्लक १२० कॉइल १,८४० ने २,२०,८००. दोन्हींची बेरीज ११,६३,०००, आणि ओपनिंग अधिक खरेदीही ११,६३,०००. ही बेरीज जुळली की समजायचं मधे कुठे लॉट सुटलेला नाही.

९ एप्रिल

आज सरासरी, आणि तीन वेगवेगळी उत्तरं हातात आली.

पहिल्यांदा चार रेटची बेरीज करून चारने भागलं, १,५०० अधिक १,६५० अधिक १,७५० अधिक १,८४०, आले १,६८५. ही साधी सरासरी, आणि हे चूक आहे, कारण १०० कॉइलच्या लॉटला आणि २०० कॉइलच्या लॉटला सारखंच वजन दिलं. भारित याचा अर्थच तो की जितका माल जास्त तितका त्या रेटचा भार जास्त. वर्गात बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. ओळखायचं कसं, तर १,६८५ ने ६८० कॉइल गुणल्या की ११,४५,८०० येतात, ११,६३,००० नाही. १७,२०० रुपये हवेत गेले.

दुसऱ्यांदा तीन महिन्यांचा सगळा माल एकत्र धरला. शीटमध्ये नग आणि रेट दोन कॉलममध्ये, आणि हा फॉर्म्युला:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

आले १,७१०.२९. शिल्लक १२० कॉइलचे २,०५,२३५. बेरीज जुळते, पद्धतही मान्य आहे, मुदत संपल्यावर एकदाच सरासरी काढायची. पण मला एक गोष्ट टोचली. २५ जानेवारीला विकलेल्या कॉइललाही १,७१०.२९ लागले, आणि त्या दिवशी दुकानात १,६५० च्या वरची एकही कॉइल नव्हती! मार्चचा महागडा माल मागे जाऊन जानेवारीच्या विक्रीवर बसला. वर्षाअखेर वहीत एकदाच हिशेब करणाऱ्याला हे चालतं, पण ज्याला महिन्याला नफा बघायचाय त्याला जानेवारीचा नफा मार्च संपेपर्यंत कळणारच नाही.

म्हणून तिसरी, फिरती सरासरी, दर खरेदीला नवीन काढायची आणि पुढची खरेदी येईपर्यंत तीच चालवायची. १० जानेवारीला ३०० कॉइल आणि ४,८०,००० रुपये, म्हणजे १,६००. विक्री १८० म्हणजे २,८८,०००, उरल्या १२० आणि १,९२,०००. ८ फेब्रुवारीला त्यात ३,१५,००० आले, ३०० कॉइल आणि ५,०७,०००, सरासरी १,६९०. विक्री २०० म्हणजे ३,३८,०००, उरल्या १०० आणि १,६९,०००. ५ मार्चला ३,६८,००० आले, पुन्हा ३०० कॉइल, ५,३७,०००, सरासरी १,७९०. विक्री १८० म्हणजे ३,२२,२००, शेवटी १२० कॉइल आणि २,१४,८००. खर्च एकूण ९,४८,२००.

इथे लक्षात ठेवायचं की विक्रीने सरासरी बदलत नाही, फक्त खरेदीने बदलते. आणि फिफोचं उत्तर दर विक्रीला काढा नाहीतर शेवटी एकदाच, तेच येतं, २,२०,८००, मी दोन्हीकडून करून बघितलं. सरासरीत मात्र कधी काढली यावर उत्तर हलतं. त्यामुळे नुसतं भारित सरासरी लिहून भागत नाही, कोणती ते लिहावं लागतं. पुढे मी फिरतीच धरलीय, मामांकडे सॉफ्टवेअर नाही, पण त्यांच्या अकाउंटंटची शीट तशीच चालते.

१० एप्रिल

नफा. विक्री ३,३३,००० अधिक ३,९०,००० अधिक ३,६९,००० म्हणजे १०,९२,०००, ती सगळीकडे एकच.

फिफोने ग्रॉस प्रॉफिट १,४९,८००, विक्रीच्या १३.७२ टक्के. फिरत्या सरासरीने १,४३,८००, १३.१७ टक्के. मुदतीच्या सरासरीने १,३४,२३५, १२.२९ टक्के. भाव चढता असताना फिफो जास्त नफा दाखवतं हे पुस्तकातलं वाक्य आकड्यात उतरलं, कारण फिफो जुना स्वस्त खर्च आधी वापरतं आणि महाग माल शिल्लक ठेवतं.

तेवढ्यात विक्रीनिहाय खर्च शेजारी शेजारी लिहिले आणि हात थांबला. जानेवारीच्या विक्रीला फिफो २,८२,००० आणि सरासरी २,८८,०००, फरक ६,०००. बरोबर. फेब्रुवारीला फिफो ३,३८,००० आणि सरासरी ३,३८,०००. मार्चला ३,२२,२०० आणि ३,२२,२००. एक रुपयाचाही फरक नाही, आणि भाव तर दोन्ही महिन्यांत वाढलाय!

मला वाटलं चुकून एकाच सेलची कॉपी झालीय. शीट पुसून वहीवर हाताने केलं, तेच. रात्री दीड वाजला, उत्तर काही मिळालं नाही, झोपते.

११ एप्रिल

ट्रेनमध्ये सुटलं. कुर्ल्याला चढले, दाराशी उभी होते आणि वहीतली शिल्लकच बघत होते, खर्चाकडे न बघता. प्रत्येक विक्रीनंतरची शिल्लक फिफोने आणि सरासरीने किती, ते लिहिलं. जानेवारीनंतर १,९८,००० आणि १,९२,०००. फेब्रुवारीनंतर १,७५,००० आणि १,६९,०००. मार्चनंतर २,२०,८०० आणि २,१४,८००. दर वेळी दरी ६,००० च.

म्हणजे नफ्यातला फरक हा शिल्लक मालातल्या दरीतून येत नाही, दरी बदलल्याने येतो. एका मुदतीत फिफोचा नफा सरासरीपेक्षा किती जास्त, तर मुदतीच्या शेवटची दरी वजा सुरुवातीची दरी. जानेवारीत दरी शून्यावरून ६,००० झाली, म्हणून नफ्यात ६,००० चा फरक. फेब्रुवारीत ६,००० ची ६,०००, म्हणून शून्य. कारण साधं आहे, फेब्रुवारीच्या विक्रीला फिफोचं ओपनिंगही ६,००० ने महाग होतं, आणि एकाचं क्लोजिंग म्हणजे पुढच्याचं ओपनिंग.

मग दरी कशावर ठरते? इथे शिल्लक माल नेहमी शेवटच्या लॉटपेक्षा कमी होता, म्हणून दरी म्हणजे शिल्लक नग गुणिले शेवटचा रेट आणि सरासरी यातला फरक. १२० गुणिले ५०, १०० गुणिले ६०, १२० गुणिले ५०. तिन्ही वेळा ६,००० यावे हा आकड्यांचा योगायोग, पण त्याच योगायोगाने गोष्ट उघडी पडली. हेच २० फेब्रुवारीला २०० ऐवजी १५० कॉइल गेल्या असत्या, तर १५० शिल्लक गुणिले ६० म्हणजे दरी ९,०००, आणि फेब्रुवारीत फिफोचा नफा ३,००० ने जास्त दिसला असता. म्हणजे भाव नुसता चढता असून पुरत नाही, माल जास्त भरून ठेवला किंवा भावाची उडी मोठी झाली, तर फरक वाढतो. सारख्याच मालावर सारखीच चढण असेल तर नफ्यातला फरक पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त पडतो, पुढे दर फेरीला कमी होत जातो आणि मग दरी जवळजवळ तशीच बसून राहते.

शिल्लक माल शेवटच्या लॉटहून जास्त असेल तर हा शॉर्टकट चालत नाही, मग फिफोच्या शिल्लकीत दोन तीन रेट असतात, प्रत्येक लॉट वेगळा मोजावा लागतो. मोठं मूळ सूत्र, शेवटची दरी वजा सुरुवातीची, ते मात्र कायम खरं.

१४ एप्रिल

मामांना आकडे दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि माझा अर्धा दिवस त्यात गेला. "अगं, दीड लाखाचा नफा म्हणतेस, मग माझ्या गल्ल्यात दीड लाख का नाहीत? जानेवारीपेक्षा हात जास्तच आखडलाय."

उधारी होती हे एक कारण, ते सोडून दिलं, सगळी रोखीत आली असं धरलं. फक्त २५ जानेवारीचा व्यवहार कागदावर मांडला. १८० कॉइल विकून ३,३३,००० आले. फिफोने खर्च २,८२,०००, नफा ५१,०००. पुढच्याच खरेदीला, ८ फेब्रुवारीला, बरोब्बर १८० कॉइलच मागवल्यात, १,७५० ने, ३,१५,०००. म्हणजे रिकामी झालेली जागा तितक्याच मालाने भरायला ३,१५,००० गेले आणि हातात उरले १८,०००. बाकीचे ३३,००० नफा म्हणून वहीत आहेत, पण ते गोडाऊनमध्ये कॉइल होऊन बसलेत. सरासरीने नफा ४५,००० दिसतो, त्यातले २७,००० असेच अडकले.

मामा बराच वेळ त्या १८,००० कडे बघत बसले. मग म्हणाले, "मामीला जानेवारीत ४०,००० काढून दिले होते, म्हटलं नफा झालाय." मी म्हटलं, मामा, नफा झालाच होता, खोटा नव्हता, पण माल तेवढाच ठेवायचा असेल तर त्यातला मोठा भाग दुकानाला परत द्यावा लागतो. सरासरी या बाबतीत थोडी सावध आहे, पण तीही पुरेशी नाही, ६,००० ने काय होणार. उचल किती करायची ते ठरवताना त्यांनी पुढच्या बिलाचा रेट बघावा, फिफो की सरासरी यावर अवलंबून राहू नये, असं मला मनापासून वाटतं आणि ते मी रिपोर्टमध्ये लिहिणार आहे.

१७ एप्रिल

मामांना फिफो आवडलंय, बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल जास्त दिसतो म्हणून. मागच्या वर्षीच्या फायली मागितल्या तर त्यात फिरती सरासरी आहे, त्याच्या आधीही तीच. मग त्यांच्या सीएंकडे गेलो, फोर्टात.

सीएंनी दहा मिनिटांत सांगितलं. आपल्याकडे आयसीएआयचं, म्हणजे सीएंच्या संस्थेचं, एएस २ हे अकाउंटिंग स्टँडर्ड आहे, ते फिफो आणि भारित सरासरी दोन्ही चालू देतं, लिफो, म्हणजे शेवटी आलेल्या मालाचा खर्च आधी उतरवणं, चालत नाही. आयकराचा हिशेब करायला वेगळं स्टँडर्ड आहे, आयसीडीएस दोन, तिथेही हेच. पण या वर्षी हे आणि पुढच्या वर्षी ते, असं करता येत नाही. कायदा किंवा स्टँडर्ड सांगत असेल, किंवा बदलाने हिशेब खरंच जास्त योग्य दिसणार असेल, तरच बदलायचं, आणि बदलाचा परिणाम रुपयात उघड लिहायचा. बँकेला माल मोठा दिसावा हे कारण त्यात बसत नाही. मामांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट त्यांनी शिल्लकीची बघितली. खर्च किंवा विकून मिळणारी निव्वळ किंमत, यातली कमी ती धरायची. १,८४० असो की १,७९०, विक्री २,०५० आहे, म्हणून आत्ता प्रश्न नाही. पण तांबं पडून विक्रीचा रेट खर्च वजा जाता १,८०० वर आला, तर फिफोची शिल्लक कॉइलमागे ४० ने उतरवावी लागेल आणि सरासरीची १,७९० तशीच राहील. फिफो चढत्या भावात शिल्लक वर उचलतं, त्यामुळे भाव पडला की पहिला धक्का तिथेच बसतो.

टॅक्सचंही विचारलं. मामा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये धरले तर ६,००० वर १,८००, वर सेस. फिफोने तो या वर्षी जातो, सरासरीने पुढे. वाचत नाही, पुढे सरकतो. हे पुढे सरकतं म्हणजे नक्की काय ते अजून आकड्यात दाखवता येत नाहीय, कारण माझा डेटा ३१ मार्चला संपतो.

२८ एप्रिल

डेटा पुढे आला! एप्रिलमध्ये कंपनीने रेट वाढवलाच नाही. १२ एप्रिलला १८० कॉइल त्याच १,८४० ने आल्या, आणि २६ ला २०० गेल्या २,०५० ने, विक्री ४,१०,०००.

फिफोकडे सगळा माल १,८४० चाच, खर्च ३,६८,०००, नफा ४२,०००. सरासरीकडे २,१४,८०० अधिक ३,३१,२००, ३०० कॉइल, ५,४६,०००, म्हणजे १,८२०, खर्च ३,६४,०००, नफा ४६,०००.

फिफोचा नफा ४,००० ने कमी. भाव पडलेला नाही, फक्त थांबलाय! शिल्लक १०० कॉइल, फिफोने १,८४,०००, सरासरीने १,८२,०००, दरी ६,००० वरून २,००० वर आली, वजा ४,०००. मी गाइडमधली जी दोन तीन उदाहरणं बघितली ती सगळी चढत्या भावाच्या मुदतीतच संपतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं फिफो कायमच जास्त नफा देतं. पुढची एक मुदत जोडली असती तरी कळलं असतं.

१६ मे

मामांनी या कंपनीची दीडची वायर बंद करून दुसरीकडून घ्यायचं ठरवलं, उरलेल्या १०० कॉइल काल एकदम गेल्या, २,०५० नेच. गोडाऊनमध्ये तो कोपरा आज रिकामा दिसला, धुळीची थप्पीही गेली. माझ्या प्रोजेक्टला याहून चांगला शेवट मिळाला नसता, कारण माल शून्य म्हणजे दरी शून्य.

विक्री २,०५,०००. फिफो खर्च १,८४,०००, नफा २१,०००. सरासरी खर्च १,८२,०००, नफा २३,०००. आता पहिल्यापासून बेरीज: फिफो १,४९,८०० अधिक ४२,००० अधिक २१,०००, आले २,१२,८००. सरासरी १,४३,८०० अधिक ४६,००० अधिक २३,०००, आले २,१२,८००.

वहीवर तीनदा केलं, शीटवर एकदा. मार्चपर्यंत फिफोने जे ६,००० जास्त दाखवले ते एप्रिलला ४,००० आणि मेमध्ये २,००० करून परत गेले. सीएंचं "वाचत नाही, पुढे सरकतो" याचा हा आकडा, ३१ मार्च मधे आल्यामुळे तो दोन वेगळ्या वर्षांत वाटला गेला इतकंच.

१९ मे

रिपोर्टचं कोष्टक पक्कं केलं, पाच विक्री आडव्या, प्रत्येकीखाली फिफोचा खर्च, सरासरीचा खर्च आणि दरी: ६,०००, ६,०००, ६,०००, २,०००, ०. मुदतीच्या सरासरीचं उत्तर पाठीमागे परिशिष्टात टाकलं. ३१ मार्चची शिल्लक फिरत्या सरासरीने २,१४,८००, मामांच्या अकाउंटंटने तीच धरलीय. मॅडमनी एकच दुरुस्ती सांगितली, ५ मार्चच्या बिलाची फोड, टेम्पो आणि हमालीसकट, कोष्टकाच्या आधी द्यायची, कारण १,८४० कुठून आले हे वाचणारा पहिलं विचारणार. ती पान ४ वर घेतली. उद्या बाइंडिंगला देते.